माणूस गेला, सावली उरली

अलिबागच्या किनाऱ्यावर संध्याकाळी घरच्यांचा फोटो काढला. मागे एक अनोळखी गृहस्थ आले होते. फोनवर त्यांच्या सदऱ्यावर बोट टेकवलं आणि ते गायब झाले. वाळूवरची त्यांची लांब सावली मात्र तशीच राहिली, आणि ओल्या वाळूत उलटं उभं असलेलं प्रतिबिंबही. असं का होतं?

‘मेटा’ कंपनीने 2023 साली खुलं केलेलं ‘सेगमेंट एनिथिंग’ हे मॉडेल बघू. ते आधी फोटोची लांब बाजू 1024 ठिपक्यांवर आणतं आणि त्याचे 16 बाय 16 ठिपक्यांचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोन बाकीच्यांशी ताडून पाहिला जातो. मग बोट टेकवलेल्या जागेवरून मॉडेल तीन अंदाज बांधतं: नुसता खिसा, सदरा की अख्खा माणूस? प्रत्येक अंदाजाला ते स्वतःच गुण देतं आणि सहसा जास्त गुणांचा आकार निवडला जातो. तो आधी 256 ठिपक्यांच्या जाडसर जाळीवर रेखलेला असतो, मग मोठा केला जातो. म्हणून केसांच्या कडा ओबडधोबड येतात.

या मॉडेलच्या शिकवणीत 1 कोटी 10 लाख फोटो आणि 110 कोटींहून अधिक आकार होते. त्यांतले 99 टक्के आकार यंत्रानेच काढलेले. आकार टिकाऊ आहे का, कड जराशी सैल-घट्ट केली तरी तो तसाच राहतो का, एवढं तपासलं जाई. तो कशाचा आहे, कुणामुळे पडला आहे, याची नोंद नव्हती. ठळक कडेची सावली या परीक्षेत सहज पास होते. प्रतिबिंबाला तर चेहरा, हात, सदरा सगळंच असतं, त्यामुळे ते दुसरा माणूस ठरतं.

सावली पुरती हाती लागत नाही, त्यालाही कारण आहे. सूर्य आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे पायाशी सावलीची कड रेखीव असते आणि दूर जाताना ती विरत जाते. पावणेदोन मीटर उंच माणसाची सावली पाच मीटर लांब पडली, तर डोक्याशी ती कड सुमारे 15 सेंटिमीटर पसरते. मॉडेल मध्येच कुठेतरी रेघ ओढतं आणि डोक्याचा धूसर डाग वाळूवर राहतो.

म्हणून पुसण्याआधी माणूस, सावली आणि प्रतिबिंब तिन्ही एकदम निवडा. सावलीच्या टोकाला निवड थोडी बाहेर वाढवा. फक्त माणूस आधी पुसलात, तर रिकामी जागा भरणारं दुसरं मॉडेल उरलेली सावली पाहतं आणि तिला शोभेल असं काहीतरी पुन्हा उभं करण्याची शक्यता असते.