लहानच भागाकार का निवडायचा?

सिम्प्लेक्स पद्धत शिकताना विद्यार्थी एका पायरीवर हमखास थबकतात. कोष्टकात आत येणारे चल निवडताना सर्वांत जास्त नफा देणारे घ्यायचे, पण बाहेर जाणारे ठरवताना सर्वांत लहान भागाकार पाहायचा. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये अमेरिकेत ही पद्धत मांडली. ती शिकणारी एक विद्यार्थिनी सरांना विचारते, “नफा वाढवायला निघालोय ना आपण? मग इथे मोठा आकडा का सोडायचा?”

सर नियम पुन्हा सांगत नाहीत, फळ्यावर एक सुतारकाम मांडतात. टेबलामागे नफा ५०० रुपये, खुर्चीमागे ३००. टेबलाला लाकूड ४ घनफूट आणि मजुरी २ तास. खुर्चीला लाकूड २ घनफूट आणि मजुरी ४ तास. हाताशी ६० घनफूट लाकूड आणि ४८ तास आहेत. शिवाय व्यापाऱ्याची अट अशी, की खुर्च्यांची संख्या टेबलांपेक्षा फार तर ५ ने जास्त असावी.

सुरुवातीला काहीच बनवलेले नाही. टेबलाचा नफा जास्त, म्हणून टेबल आत येते. आता भागाकार: लाकडाच्या ओळीत ६० भागिले ४, म्हणजे १५. मजुरीच्या ओळीत ४८ भागिले २, म्हणजे २४.

“२४ घेतले तर नफा १२,००० होतो,” ती म्हणते. “१५ वर फक्त साडेसात हजार.”

“घे २४. लाकूड किती लागेल?”

“९६ घनफूट.” ती क्षणभर थांबते. “आहे ६०च.”

“म्हणजे शिल्लक लाकूड उणे ३६. उणे लाकूड कुठल्या वखारीत मिळतं?”

सारी मेख इथेच आहे. प्रत्येक भागाकार सांगतो, की ही एकटी अट टेबलांची संख्या कुठवर वाढू देईल. लाकूड १५ पर्यंत चालते, मजुरी २४ पर्यंत. पण अटी एकाच वेळी पाळायच्या असतात, त्यामुळे जी आधी संपते तिथेच थांबावे लागते. सर्वांत लहान भागाकार ही जाता येईल तेवढी सर्वांत लांबची मजल आहे. तिथे शिल्लक लाकूड बरोबर शून्य होते, म्हणून तेच चल बाहेर पडते. चुकून मजुरीची ओळ निवडली, तर पुढच्या कोष्टकात उजवीकडच्या स्तंभात उणे ३६ उमटते. परीक्षेत त्या स्तंभात ऋण संख्या दिसली, की आधी भागाकार तपासावेत.

तिची पुढची शंका जास्त नेमकी आहे. “तिसऱ्या ओळीत टेबलाचा सहगुणक उणे १ आहे. ५ भागिले उणे १, म्हणजे उणे ५. हा तर १५ पेक्षाही लहान!”

“टेबलं वाढवल्यावर ती अट आवळते की सैल होते?”

ती हिशेब करते. १५ टेबले बनवली, तर त्या अटीतली शिल्लक ५ वरून २० होते. जी अट टेबले वाढवताना सैल होत जाते, ती वाट अडवणार कशी? म्हणून भागाकार फक्त धन सहगुणकांच्या ओळींत करायचा. शून्य आणि ऋण सोडून द्यायचे. आत येणाऱ्या चलाच्या स्तंभात एकही धन सहगुणक नसेल, तर कोणतीच अट आड येत नाही आणि नफा अमर्याद वाढतो. असे दिसले तर बहुधा गणित मांडतानाच एखादी अट राहून गेलेली असते.

पुढची फेरी ती स्वतः करते. १५ टेबलांनंतर लाकूड उरलेले नाही, म्हणून एका खुर्चीसाठी अर्ध्या टेबलाचे लाकूड काढावे लागते: ३०० मिळतात, २५० जातात, निव्वळ वाढ ५० रुपये. भागाकार येतात टेबलाच्या ओळीत ३०, मजुरीत ६ आणि व्यापाऱ्याच्या अटीत १३ पूर्णांक एक तृतीयांश. सहावर थांबले, की १२ टेबले, ६ खुर्च्या, नफा ७,८००. लाकूड आणि मजुरी दोन्ही संपतात, आणि आता कोणताही बदल केला तरी नफा घटतोच.

“आणि दोन भागाकार सारखेच आले तर?” ती विचारते.

तर दोन चले एकदम शून्यावर येतात, पण बाहेर एकच जाते. दुसरे शून्य किमतीने आतच राहते. मग पुढच्या फेरीत सर्वांत लहान भागाकारच शून्य येऊ शकतो. कोष्टक बदलते, नफा मात्र तिथेच. क्वचित अशा फेऱ्या फिरून पहिल्याच कोष्टकावर येतात. रॉबर्ट ब्लँड यांनी १९७७ मध्ये यावर सोपा नियम दिला: आत येण्यास योग्य अशा चलांतले सर्वांत लहान क्रमांकाचे घ्यायचे, आणि बरोबरी झाली तर बाहेर काढतानाही सर्वांत लहान क्रमांकाचेच. असे केले की फेऱ्यांचे चक्र होत नाही.