बेल वाजल्यापासून चित्र दिसेपर्यंत

बेल वाजली की दाराबाहेरचा माणूस साधारण दहा-पंधरा सेकंद थांबतो, मग पुन्हा बेल दाबतो. घरात सोफ्यावर बसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्याच वेळात ठरवायचं असतं की उठायचं, हाक मारायची की दुर्लक्ष करायचं. कॅमेरा दारावर आहे, पण त्याचं चित्र मोबाईलमध्ये आहे. मोबाईल चार्जिंगला आतल्या खोलीत. चष्मा कुठेतरी तिसरीकडेच. समोर टीव्ही मात्र चालू आहे, चांगला बेचाळीस इंची. मग दारावरचं चित्र तिथेच का दिसू नये?

ही कल्पना कॅमेऱ्याच्या ॲपपेक्षा फार जुनी आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिकेने आणि तिच्या नवऱ्याने 1966 साली पेटंटसाठी अर्ज केला. त्यात दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा आणि आतल्या खोलीत टीव्हीचा पडदा असा बेत होता. 1969 मध्ये पेटंट मिळालं. म्हणजे घरगुती कॅमेऱ्याची सुरुवातच टीव्हीवर पाहण्यापासून झाली. मोबाईल मध्ये आला तो नंतर.

घरात डीव्हीआर असेल, म्हणजे तारेचे चार-सहा कॅमेरे एका डब्याला जोडलेले असतील, तर प्रश्न जवळजवळ सुटलेलाच आहे. डब्याच्या मागे एचडीएमआयचं भोक असतं. तिथून टीव्हीच्या रिकाम्या एचडीएमआयमध्ये वायर जोडायची आणि रिमोटवर इनपुट बदलायचं. वायरीतून येणाऱ्या या चित्राला उशीर जवळपास नाहीच. टीव्हीवर ‘नो सिग्नल’ आलं, तर डीव्हीआरचं रिझोल्युशन जुन्या मॉनिटरसाठी लावलेलं आहे का ते पाहावं. ते 1920×1080 केलं की बहुधा चित्र येतं. गैरसोय एकच, चित्र पाहायला मालिका सोडावी लागते.

खरी गंमत वायफाय कॅमेऱ्यांची आहे. त्यांचं चित्र दोन वाटांनी टीव्हीवर येऊ शकतं. पहिली वाट कंपनीच्या सर्व्हरवरून. ‘समोरचं दार दाखव’ असं गूगल किंवा अलेक्साला सांगितलं की बहुतेक वेळा याच वाटेची मदत घेतली जाते. सोय चांगली आहे, पण कॅमेरा आणि टीव्ही एकमेकांशी जुळणारे असावे लागतात आणि इंटरनेट बंद पडलं की दारही दिसेनासं होतं. दुसरी वाट घरातल्या घरात: कॅमेऱ्यातून राऊटरला, राऊटरमधून टीव्हीला. या वाटेने चित्र पाठवायची जी ठरलेली पद्धत आहे, तिला आरटीएसपी म्हणतात. ती 1998 पासून आहे आणि आजही बहुतेक तारेवर चालणारे कॅमेरे ती ओळखतात.

‘तारेवर चालणारे’ हे शब्द महत्त्वाचे. बॅटरीवरची डोअरबेल बहुतांश वेळ झोपलेली असते. बेल दाबली किंवा समोर हालचाल झाली की जागी होते, वायफायला जोडून घेते आणि मग चित्र पाठवते. सतत जागी राहिली तर महिने चालणारी बॅटरी फार लवकर संपेल. म्हणून अशा डोअरबेलमध्ये सहसा आरटीएसपी नसतंच आणि तिचं थेट चित्र टीव्हीवर अखंड ठेवता येत नाही. टीव्हीवर पाहायचं असेल, तर दुकानात मेगापिक्सेलच्या आधी दोन गोष्टी विचारा: वीज तारेने घेतो का, आणि आरटीएसपी आहे का. दुकानदार गोंधळला तर खोक्यावर ‘ऑनव्हिफ’ लिहिलंय का ते पाहा. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलावीत म्हणून 2008 मध्ये सुरू झालेल्या मंचाचं ते नाव आहे. ते छापलेलं असेल तर आरटीएसपी बहुधा असतंच.

आता एक घर घेऊ. डोंबिवलीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मावशी एकट्या राहतात, मुलगा पुण्याला. दाराच्या चौकटीवर टापोचा प्लगवर चालणारा साधा कॅमेरा, हॉलमध्ये अँड्रॉइड टीव्ही, घरात एकच राऊटर. मुलाने काय केलं ते क्रमाने पाहू.

टापोच्या ॲपमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये Camera Account नावाचा पर्याय आहे. ॲपच्या लॉगिनपेक्षा वेगळं असं नाव आणि पासवर्ड तिथे तयार करायचा. मुलाने नाव ठेवलं mavshi आणि पासवर्ड Ganpati@21. मग राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅमेऱ्याला एक कायमचा पत्ता दिला, 192.168.1.20. टीव्हीवर व्हीएलसी हे फुकट ॲप टाकलं आणि त्यात स्ट्रीमचा पत्ता भरायच्या जागी हे लिहिलं:

```
rtsp://mavshi:Ganpati%4021@192.168.1.20:554/stream2
```

रिमोटने एकेक अक्षर निवडत बसायची गरज नाही, फोनमधल्या गूगल टीव्हीच्या रिमोटवर कीबोर्ड मिळतो. पत्त्यातलं %40 नीट पाहा. पासवर्डमध्ये @ आहे आणि पत्त्यात @ चा अर्थ ‘पासवर्ड संपला, आता यंत्राचा पत्ता’ असा होतो. @ तसाच लिहिला तर टीव्ही गोंधळतो आणि पासवर्ड बरोबर असूनही नकार मिळतो. आपल्याकडे निम्म्या पासवर्डांत @ असतो, त्यामुळे हा घोटाळा नेहमीचा. पत्त्यात %40 लिहा, नाहीतर @ नसलेला पासवर्ड ठेवा.

शेवटच्या stream2 मध्येही शहाणपण आहे. कॅमेरा एकाच वेळी दोन चित्रं बनवतो. मोठं आणि स्वच्छ stream1 कार्डावर साठवायला, लहान आणि हलकं stream2 पाहायला. दारात कोण आहे हे ओळखायला लहान चित्र पुरतं, ते लवकर उघडतं आणि स्वस्त टीव्हीलाही झेपतं. चार कॅमेरे एका पडद्यावर पाहायचे असतील, तर लहानच घ्यावं. इतर कंपन्यांत पत्त्याचं शेपूट वेगळं असतं. हाईकव्हिजनचं आणि सीपी प्लसच्या बऱ्याच मॉडेलांचं लहान चित्र अनुक्रमे असं मिळतं:

```
/Streaming/Channels/102
/cam/realmonitor?channel=1&subtype=1
```

चित्र आलं. पण मावशी म्हणाल्या, “अरे, तो कुरिअरवाला जिना उतरतोय खाली आणि माझ्या टीव्हीत अजून दारात उभा आहे!”

हा उशीर कुठून येतो? कॅमेरा दर वेळी पूर्ण चित्र पाठवत नाही. मधूनमधून एक पूर्ण चित्र पाठवतो आणि त्यानंतर फक्त काय हललं तेवढंच कळवत राहतो. रेडिओवर क्रिकेटचं समालोचन मध्येच लावलं तर चेंडूचेंडूचं कळतं, पण पूर्ण धावसंख्या ऐकायला षटक संपायची वाट पाहावी लागते, तसंच हे. टीव्हीने मध्येच कान लावला की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत पडदा काळा किंवा राखाडी. दोन पूर्ण चित्रांमधलं हे अंतर अनेक कॅमेऱ्यांत ‘आय-फ्रेम इंटरव्हल’ या नावाने बदलता येतं. सेकंदाला 15 चित्रं जात असतील आणि इंटरव्हल 15 ठेवला, तर दर सेकंदाला एक पूर्ण चित्र मिळतं. जागा वाचवणारे ‘एच.265 प्लस’सारखे पर्याय नेमकं हेच अंतर ताणतात. टीव्हीसाठीच्या लहान चित्रापुरते ते बंद ठेवलेले बरे. टापोच्या ॲपमध्ये मात्र ही कळ नाही, त्यामुळे मावशींकडे पडदा उघडायला लागणारा वेळ तेवढाच राहिला.

दुसरा उशीर टीव्हीतल्या ॲपचा. चित्र अडखळू नये म्हणून व्हीएलसी आधी थोडा साठा करून घेतं आणि मग दाखवतं. सिनेमाला हे ठीक, दाराला नाही. सेटिंगमधल्या Advanced मध्ये Network caching हा आकडा मिलिसेकंदांत असतो. मुलाने तो 300 केला आणि मावशींची तक्रार बरीच कमी झाली. त्याहून खाली नेला तर कमजोर वायफायवर चित्र तुटायला लागतं.

उशीर अंदाजाने सांगू नये, मोजावा. एका फोनवर स्टॉपवॉच चालू करून तो कॅमेऱ्यासमोर धरा आणि दुसऱ्या फोनने अशा जागेवरून फोटो काढा, की स्टॉपवॉच आणि टीव्ही दोन्ही त्यात येतील. दोन आकड्यांतला फरक म्हणजे उशीर. एक-दीड सेकंद असेल तर खुशाल राहू द्या.

बसवल्यावर दोन-तीन महिन्यांनी येणारे बिघाड ठरावीक आहेत. वीज गेली, परत आली आणि टीव्हीवर चित्र येत नाही, पण मोबाईलच्या ॲपमध्ये मात्र येतंय, तर कॅमेऱ्याचा पत्ता बदललाय असं समजा. ॲप कॅमेऱ्याला स्वतः शोधून काढतं, टीव्ही मात्र जुन्याच पत्त्यावर जातो. मुलाने कायमचा पत्ता दिला तो यासाठीच. चित्रावर राखाडी ओघळ येत असतील तर वाटेत तुकडे गळताहेत. अशा वेळी व्हीएलसीच्या Custom libVLC options मध्ये --rtsp-tcp लिहायचं, मग हरवलेला तुकडा पुन्हा मागवला जातो. आणि सगळं बरोबर असूनही टीव्हीला कॅमेरा सापडतच नसेल, तर टीव्ही ‘गेस्ट’ वायफायवर आहे का ते बघा. पाहुण्यांसाठीच्या त्या वायफायवरून घरातली बाकी यंत्रं मुद्दाम लपवलेली असतात.

बेल वाजताच चित्र आपोआप टीव्हीच्या कोपऱ्यात यावं, ही अपेक्षा साध्या व्हीएलसीकडून पूर्ण होत नाही. ते उघडायला रिमोटची तीन-चार बटणं दाबावी लागतात. टायनीकॅमसारखं ॲप थोडं सोयीचं, कारण ते कॅमेऱ्यांसाठीच बनवलेलं आहे. खरोखर आपोआप हवं असेल, तर रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर होम असिस्टंट चालवून बेल, कॅमेरा आणि टीव्ही यांची गाठ घालता येते. घरात हौशी माणूस असेल तरच या वाटेला जावं, कारण त्याची देखभाल कोणीतरी करावीच लागते. टीव्हीवरून दारातल्या माणसाशी बोलताही येत नाही. त्यासाठी मोबाईलचं ॲप किंवा मावशींचा आवाज.

मुलाला पुण्यातूनही तेच चित्र पाहायचं होतं. त्यासाठी कुणी राऊटरमध्ये 554 नंबरचं पोर्ट बाहेरच्यांना उघडून द्यायला सांगितलं, तर ऐकू नका. आरटीएसपीचं चित्र सहसा उघडंच प्रवास करतं आणि अशी उघडी पोर्टं शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर सतत चालू असतात. 2016 मध्ये ‘मिराई’ने कारखान्यातलाच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या होत्या. पुण्याहून पाहायला कंपनीचं ॲप पुरेसं आहे.

कॅमेऱ्याचा कोन ठरवताना समोरच्या बिऱ्हाडाचं दार चित्रात येतं का, तेही बघा. हॉलमध्ये भिशी भरली असताना शेजारणीचं उघडं घर टीव्हीवर दिसलं, तर भांडण ठरलेलं. बऱ्याच ॲपमध्ये चित्राचा तेवढा भाग काळ्या पट्टीने झाकता येतो. मावशींच्या मुलाने आधी कॅमेरा थोडा खाली वळवला, मग उरलेला कोपरा पट्टीने झाकला आणि समोरच्या काकूंना बोलावून टीव्हीवर तो दाखवलाही.