भिजलेला पेन ड्राइव्ह: काय वाचते, काय वाचत नाही

खजरान्यात पावसाळा आणि गणेशोत्सव एकत्रच येतात. त्यामुळे दरवर्षी कोणी ना कोणी मंडळाकडे भिजलेला पेन ड्राइव्ह किंवा कॅमेऱ्याचे कार्ड घेऊन येतेच. बहुतेक वेळा ते पावसात नाही, तर पँटच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेलेले असते. गेल्या वर्षी एका सभासदाच्या घरी असेच झाले, आणि त्यातून आम्हाला जे समजले ते इथे देत आहोत.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. फोटो साठवणारी चिप काळ्या, घट्ट आवरणात बंद असते, त्यामुळे नुसत्या पाण्याने सहसा तिचे काही बिघडत नाही. न्यूझीलंडमध्ये लेपर्ड सीलच्या विष्ठेत एक पेन ड्राइव्ह सापडला होता. ती विष्ठा वर्षभराहून अधिक काळ गोठवून ठेवलेली होती. २०१९ मध्ये ती वितळवल्यावर ड्राइव्ह वाळवला गेला आणि त्यातले फोटो दिसले. खरे नुकसान होते ते ओल्या ड्राइव्हला वीज मिळाली की. शेजारच्या दोन टोकांमध्ये पाच व्होल्ट आणि मध्ये साबणाचे खारट पाणी असले, की तांबे विरघळू लागते. हिरवा डाग दिसला तर हेच घडले आहे असे समजावे.

आमच्या सभासदांकडे नेमके हेच झाले. मशीनमधून निघालेला १६ जीबीचा ड्राइव्ह घरच्या मुलाने नुसता पुसून टीव्हीला लावला. काही दिसेना, म्हणून मग तो आमच्याकडे आला.

प्लास्टिकचे कवच नखाने उघडले तेव्हा टोकांच्या मधे पांढरी खपली दिसली. आपल्याकडच्या बोअरिंगच्या जड पाण्यातले क्षार आणि साबण, दोन्ही वाळून बसले होते. ते तसेच वाळवले तर ओलावा गेला तरी क्षार राहतात, आणि दमट हवेत पुन्हा ओलावा ओढतात. म्हणून आधी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात पाटी दोन-तीनदा बुडवून मऊ ब्रशने घासली. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाणी बाहेर काढले. जेल रोडवरच्या मोबाईल-दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानांत ते मिळते, फक्त ९९ टक्क्यांचे मागावे. नंतर पंख्याखाली दोन दिवस. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय फारसा उपयोगाचा नाही, उलट पिठी आत जाते. हेअर ड्रायर आणि कडक ऊनही नको.

सोनेरी टोके अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावीत. खोडरबर शेवटचा उपाय, तोही डाग राहिला तरच आणि अगदी हलक्या हाताने. सोन्याचा थर फारच पातळ असतो. मेमरी कार्ड उघडायचे नसते. ते बहुधा एकसंधच असते, धुऊन पुसून वाळवले की झाले.

मग तो जुन्या लॅपटॉपला लावला आणि बोट त्यावर ठेवले. गरम झाला तर लगेच काढायचा, आत शॉर्ट आहे. हा गार राहिला, आकार १४ जीबीच्या वर दिसला, पण पडद्यावर आले:

`You need to format the disk in drive E: before you can use it.`

इथे नकारच द्यायचा. आकार बरोबर आहे म्हणजे चिप आणि कंट्रोलर एकमेकांशी बोलत आहेत, फक्त फायलींची यादी बिघडली आहे; बहुधा टीव्हीला ओला लावला तेव्हाच. अशा वेळी आधी संपूर्ण ड्राइव्हची नक्कल घ्यावी. लिनक्सवर `lsblk` ने ड्राइव्हचे नाव नीट पाहून:

```
sudo ddrescue -d /dev/sdX nakkal.img nakkal.map
```

नंतर फोटोरेक हा मोफत प्रोग्राम त्या नकलेवर चालवला. फोटो बरेचसे मिळाले. नावे आणि फोल्डर गेले. नक्कल दुसऱ्याच डिस्कवर घ्यायची, हे सांगायला नकोच.

आकार शून्य दिसला किंवा ‘No Media’ आले, तर कंट्रोलर चिपपर्यंत पोहोचत नाही. तेव्हा घरगुती उपाय संपले. मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळा चिप काढून थेट वाचतात, पण कंट्रोलरने माहिती विस्कटून लिहिलेली असते, ती जुळवावी लागते, आणि खर्च हजारांत जातो. तपासणीचे पैसे वेगळे किती, काही न मिळाल्यास किती, हे आधीच लिहून घ्यावे. चिपच तडकली असेल तर कोणीही काही करू शकत नाही.

फोनमधल्या कार्डाचे एक वेगळेच. ते फोनच्या अंतर्गत साठवणीत जोडलेले असेल, तर त्यावरची माहिती त्या फोनच्याच किल्लीने बंद असते. कार्ड कितीही चांगले वाळवा, आधी फोन दुरुस्त करावा लागतो.