पाय मोडो आणि प्रयोग रंगो

लंडनच्या नाट्यगृहात पडदा उघडण्याआधी एक नट दुसऱ्याला म्हणतो, ‘ब्रेक अ लेग!’ खाली मराठी सबटायटल उमटतं, ‘पाय मोड!’ आपल्याकडे तंगडी मोडण्याची भाषा चिडलेला बाप करतो, शुभेच्छा देणारा मित्र नाही. त्यामुळे या दोघांचं काहीतरी बिनसलंय, अशी प्रेक्षकाची समजूत होते.

शब्द बरोबर, पण हेतू नेमका उलटा पोचला. ‘तुला यश मिळो’ असं उघड म्हटलं की नाट लागते, अशी तिकडच्या नाटकवाल्यांची समजूत. म्हणून वाईट बोलून चांगलं चिंतायचं. या पायाच्या उगमाच्या गोष्टी पुष्कळ आहेत, सिद्ध एकही नाही. रॉबर्ट लिंड यांनी 1921 साली तो वापरल्याची नोंद सापडते, तीही घोड्यांच्या शर्यतीच्या संदर्भात. जर्मन माणूस पायाबरोबर मानही मोडायला सांगतो. इटालियन म्हणतो, ‘लांडग्याच्या तोंडात’, आणि उत्तर येतं, ‘मरो तो!’ फ्रेंच नट तर सरळ विष्ठेचं नाव घेतात. समजूत एकच, पण शब्द ज्याचे त्याचे.

नाट लागण्याची धास्ती आपल्यालाही आहे, पण आपली तऱ्हा वेगळी. आपण अशुभावर शुभाचं पांघरूण घालतो. बांगडी फुटत नाही, ती ‘वाढवते’. नारळही वाढवायचा, रात्री दुकानसुद्धा वाढवायचं. निघताना ‘जातो’ म्हणायची सोय नाही, ‘येतो’च म्हणायचं. अशा भाषेत पाय मोडण्याची शुभेच्छा रुजणार कशी?

म्हणून अनुवादकाने वाक्य बाजूला ठेवून प्रसंग बघावा. समजा, कादंबरीत म्हातारी नटी विंगेत थरथरणाऱ्या नवख्या मुलीला हे म्हणते आहे. नातं मायेचं, वेळ घाईची, सूर थोडा खट्याळ. ‘यशस्वी भव’ म्हटलं तर पौराणिक नाटकातला ऋषी अवतरतो. ‘नटराज तुझं भलं करो’ म्हटलं तर लंडनची बाई एकदम दादरची होते. ‘जा गं, रंगव प्रयोग!’ हे मात्र तिच्या तोंडी शोभतं. खट्याळपणा थोडा सांडतो, तो पुढच्यामागच्या एखाद्या वाक्यात भरून काढता येतो. जमलं की नाही हे बघायला इंग्रजी पान झाकावं आणि मराठी संवाद मोठ्याने वाचावा. ‘हिने असं का म्हटलं?’ असा प्रश्न पडला, तर अजून शोधायला हवं.

पण तीच मुलगी पुढच्या अंकात खरोखरच पडली, पाय प्लॅस्टरमध्ये गेला आणि सगळे त्यावर हसले, तर ‘रंगव प्रयोग’ कुचकामी. तिथे पाय ठेवावाच लागतो. मग म्हातारीच्याच तोंडी घालावं: ‘मोड तंगडी! घाबरू नकोस, आम्ही नाटकवाले भलं चिंतताना असंच वाईट बोलतो.’ एक वाक्य वाढतं, पण तळटीप टळते आणि विनोदही शाबूत राहतो. सबटायटलमध्ये एवढी जागा नसते. तिथे बहुतेक वेळा विनोदावर पाणी सोडावं लागतं.