दहाचा ठोका पुसला तर?
एक अट मनातल्या मनात नाहीशी करून वाहतुकीचा विचार करण्याची रीत

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून सुटलेली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि पुढील वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. त्या वेळी मुंबईपासून दूर असलेली ही गावे आज मुंबईच्या दैनंदिन जीवनाचा भाग झाली आहेत. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या स्थानकांवरून दररोज सकाळी जी माणसे निघतात, त्यांतील फार मोठा वर्ग ठरावीक दोन-अडीच तासांतच गाडी गाठू पाहतो. गर्दीच्या वेळी डब्यात उभ्या असलेल्या प्रवाशांचे प्रमाण दर चौरस मीटरला चौदा ते सोळा इतके होते. गाडीच्या रचनेत गृहीत धरलेल्या भारापेक्षा ते कितीतरी अधिक आहे.

या प्रश्नाचा विचार करताना सामान्यतः गाड्या वाढवाव्यात, डबे वाढवावेत, नवे मार्ग टाकावेत, असे उपाय सुचतात. हे सर्व आवश्यकच आहे. ठाणे व दिवा यांच्या दरम्यानची पाचवी व सहावी मार्गिका २०२२ मध्ये खुली झाली, ती याच प्रयत्नांतून. परंतु अशा उपायांत एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते. प्रवासी याच वेळी, याच दिशेने आणि याच संख्येने येणार, हे आपण धरूनच चालतो. जे धरून चालतो त्याचा विचार करण्याचे आपल्याला कारण पडत नाही. नेमक्या याच ठिकाणी विचाराची एक निराळी रीत उपयोगी पडते.

अट पुसण्याची रीत

मूळचे माल्टा येथील वैद्य व विचारवंत एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ मध्ये ‘लॅटरल थिंकिंग’, म्हणजे आडवाटेने विचार करणे, ही कल्पना मांडली. या विचारपद्धतीत जी गोष्ट सर्वांनी गृहीत धरली आहे ती मुद्दाम रद्द केली आहे, असे समजावयाचे असते. विधान खरे की खोटे, शक्य की अशक्य, हे तेथे तपासावयाचे नसते. त्या विधानापासून पुढे काय घडेल, हे पायरीपायरीने पाहावयाचे असते.

डी बोनो यांचेच एक उदाहरण वाहतुकीतील आहे. शहरात रस्त्याकडेला मोटारी तासन्तास उभ्या राहतात, म्हणून मीटर, पोलीस आणि दंड यांची व्यवस्था करावी लागते. समजा, हे सर्व नाहीसे झाले आणि मोटारीने आपली मर्यादा आपणच पाळावयाची ठरली. मग मोटारीला मर्यादा कशाची असते? बॅटरीची. यावरून अशी कल्पना निघाली की, पुढचे दिवे लावून ठेवणाऱ्यास कोठेही गाडी उभी करू द्यावी. दिवे लावून कोणीही गाडी फार वेळ सोडून जाणार नाही. ही योजना जशीच्या तशी कोणी अंमलात आणो वा न आणो, तिच्यातून एक तत्त्व हाती लागते. बाहेरून नियंत्रण ठेवण्याऐवजी वापरातच नियंत्रण असू शकते, हे ते तत्त्व होय.

या रीतीच्या चार पायऱ्या सांगता येतील. प्रथम गृहीत गोष्ट एका वाक्यात लिहावी. दुसऱ्या पायरीवर ती पूर्णपणे पुसावी. ‘थोडी कमी झाली’ असे मानू नये. तिसऱ्या पायरीवर एखाद्या सामान्य माणसाच्या दिवसात काय बदलते, ते क्षणाक्षणाने पाहावे. आणि अखेरीस पुसलेली अट परत आणून, तरीही काय शिल्लक राहते, ते शोधावे. ही चौथी पायरी गाळली, तर उरते ते केवळ मनोराज्य.

भाडे पुसून पाहिले, तर

डोंबिवलीच्या फलाटावर ही रीत लावून पाहताना पहिले गृहीत सहज सुचते : ‘प्रवासास पैसे पडतात.’ समजा, लोकलचे भाडे उद्यापासून शून्य झाले. मुंबईस नोकरीला जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या दिवसात काय बदलेल? बारकाईने पाहता, जवळजवळ काहीच नाही. त्याच्या खिशात मासिक पास असतो. हा पास साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात मिळतो. तो एकदा काढला की, महिन्यातील पुढच्या प्रत्येक फेरीचे भाडे त्याच्या दृष्टीने शून्यच असते. तो आठ वाजताची गाडी पकडतो ती स्वस्त म्हणून नव्हे आणि अकरा वाजताची सोडतो ती महाग म्हणूनही नव्हे.

येथे या रीतीचा एक महत्त्वाचा उपयोग दिसून येतो. अट पुसल्यावर काहीच हलले नाही, तर ती अट खरा अडथळा नव्हती, असे समजावे. मासिक पासवाल्यांच्या गर्दीचे कारण भाड्यात नाही, एवढे ज्ञान काही न खर्चता मिळाले.

जेथे भाडे हाच अडथळा असतो, तेथे चित्र निराळे दिसते. मे २०२२ मध्ये वातानुकूलित लोकलच्या एकेरी तिकिटाचे दर जवळजवळ निम्मे करण्यात आले आणि किमान भाडे ६५ रुपयांवरून ३० रुपयांवर आले. त्यानंतर या गाड्यांचे प्रवासी झपाट्याने वाढले. मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळवा येथील प्रवाशांनी निषेध केला, कारण वातानुकूलित फेरी साध्या फेरीची जागा घेत होती. भाडे उतरले, तरी रुळांवरील जागा वाढली नव्हती. अडथळा अन्यत्र आहे, हे यावरून पुन्हा स्पष्ट झाले.

दहाचा ठोका पुसला, तर

आता दुसरे गृहीत लिहू : ‘कचेऱ्या दहाच्या सुमारास उघडतात आणि सर्वांनी तेव्हा हजर असावे लागते.’ ही अट पूर्णपणे पुसली आहे, असे समजून त्याच कर्मचाऱ्याची सकाळ पाहू.

तो पहाटे साडेपाचला उठत नाही. प्रथम सुटते ती घड्याळाची घाई. परंतु घरातून तो लगेच मोकळा होत नाही. मुलाची शाळा तिच्या वेळेवर भरते, नळाला पाणी ठरल्या वेळीच येते आणि पाळणाघराचे दारही ठरल्या वेळीच उघडते. म्हणजे दहाचा ठोका पुसल्यावर त्याच्यामागे उभे असलेले आणखी तीन ठोके दिसू लागतात. कोणी लवकर निघतो, कोणी मुलास शाळेत सोडून उशिरा निघतो. कचेरीत पोहोचल्यावर मात्र नवीच अडचण उभी राहते. ज्याच्याशी काम आहे तो सहकारी अद्याप आलेला नसतो आणि ज्या नागरिकास दाखला हवा आहे तो खिडकीवर ताटकळतो.

या अडचणीतूनच उपयुक्त कल्पना निघते. सर्वांनी एकत्र असण्याची गरज आहे, पण ती दिवसभर नाही. समजा, दुपारी बारा ते चार हा काळ सर्वांना बंधनकारक ठेवला आणि उरलेले तास त्याच्या आधी किंवा नंतर भरण्याची मुभा दिली, तर सामूहिक कामही होते आणि सकाळचा लोंढाही पसरतो. म्युनिकजवळील ओटोब्रुन येथे बोल्को या विमान-उद्योगाने १९६७ मध्ये सरकत्या वेळेची अशीच पद्धत सुरू केली. सकाळी प्रवेशद्वारांवर आणि रस्त्यांवर होणारी कोंडी हे तिचे एक मुख्य कारण होते. म्हणजे ही कल्पना मुळात वाहतुकीच्याच प्रश्नातून जन्मली होती.

हिशेब मांडून पाहता

कल्पनेचा गुण आकड्यांनी जोखता येतो. केवळ समजण्यासाठी असे धरू की, एका स्थानकावरून दर तासाला बारा गाड्या सुटतात. सात ते आठ या तासात ९,००० प्रवासी, आठ ते नऊमध्ये १२,००० आणि दहा ते अकरामध्ये ६,००० प्रवासी चढतात. म्हणजे एका गाडीत अनुक्रमे ७५०, १,००० व ५०० माणसे चढतात. आठ ते नऊ या तासातील दर पाच प्रवाशांपैकी एकजण दहानंतर निघू लागला, तर तेथे गाडीमागे ८०० आणि दहानंतर ७०० माणसे होतात. एकही गाडी न वाढविता हा फरक पडतो.

परंतु हिशेब येथे संपत नाही. आठ ते नऊमध्ये उसंत मिळाली हे कळताच, गर्दी टाळण्यासाठी आजवर सातलाच निघणारे काहीजण पुन्हा आठनंतर येऊ लागतील. असे १,२०० प्रवासी परतले, तर गाडीमागे ८०० ऐवजी ९०० माणसे होतील आणि निम्मा लाभ गेल्यासारखा वाटेल. तो खरोखर गेलेला नसतो. त्या बाराशे जणांना सकाळचा तास परत मिळालेला असतो. म्हणून अशा योजनेचे यश मोजताना केवळ सर्वाधिक गर्दीचा तास मोजू नये. सकाळच्या सर्व तासांची गणना करावी. अन्यथा चांगली योजनाही फसली, असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

प्रत्यक्षातील अनुभव

ही अट काही काळ खरोखरच बाजूस सारली गेली होती. कोविडच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये उपनगरी सेवा थांबली आणि जूनमध्ये ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वसामान्य प्रवाशांना पहिल्या गाडीपासून सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर प्रवासाची परवानगी मिळाली. गाडीची वेळ बदलली, कचेरीची मात्र सर्वत्र बदलली नाही. त्यामुळे दहाला हजर राहावयाचे असलेल्यास सातपूर्वी निघून दोन तास बाहेर काढावे लागत. वेळेची साखळी एकाच टोकाला सैल केली, तर तिचा ताण प्रवाशावरच पडतो, हे या अनुभवाने दाखविले.

दुसऱ्या टोकाचा प्रयत्नही झाला आहे. २०२३ मध्ये मध्य रेल्वेने मुंबईतील आस्थापनांना कामाच्या वेळा बदलण्याचे आवाहन केले आणि आपल्या मुंबई विभागीय कार्यालयातही दोन निरनिराळ्या वेळांची व्यवस्था केली.

अट परत आणल्यावर

अखेरची पायरी राहिली. दहाचा ठोका सर्वांसाठी पुसता येत नाही. रुग्णालयातील परिचारिका, शाळेतील शिक्षक, कारखान्यातील पाळीचा कामगार आणि दुकानातील नोकर यांना सरकती वेळ देता येत नाही. जो बारा वाजता येईल तो रात्री आठला निघेल. तेव्हा डोंबिवली स्थानकाबाहेर रिक्षा किंवा बस मिळते का, रस्त्यावर दिवे आहेत का, हा प्रश्न विशेषतः महिला कर्मचाऱ्यांसाठी निर्णायक ठरतो. गर्दीचा काळ ओसरल्यावर गाड्यांमधील अंतरही वाढते. तेव्हा दहानंतरच्या फेऱ्या तशाच राखल्या नाहीत, तर एका तासाची गर्दी दुसऱ्या तासात हलविल्याचेच श्रेय मिळेल.

इतके वगळूनही काही शिल्लक राहते. ज्या कचेऱ्यांचे काम कागदपत्रांचे आहे, तेथे दुपारचे चार तास समान ठेवून दोन्ही बाजूंची मुभा देणे शक्य आहे. पाचांतील एका प्रवाशाचे गणित अशाच वर्गातून पुरे होऊ शकते. रूळ, डबे आणि फलाट तेच राहतील. बदलेल ती केवळ, आजवर कोणी लिहूनही ठेवली नव्हती अशी एक समजूत.