३१ मार्च धरला की सोडला?

एक्सेलच्या एका खान्यात १ एप्रिल २०२३ ही तारीख टाका, शेजारच्या खान्यात ३१ मार्च २०२४, आणि दुसरीतून पहिली वजा करा. उत्तर येतं ३६५. वर्षाचे दिवस ३६५च असतात, त्यामुळे हिशेब तपासणारा निर्धास्तपणे पुढे जातो. पण त्या आर्थिक वर्षात २९ फेब्रुवारी आला होता. वर्षाचे दिवस ३६६ होते. एक दिवस गळला आणि नेमका ओळखीचा आकडा समोर आला, म्हणून शंका आली नाही. हेच सूत्र आदल्या वर्षाला, म्हणजे १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२३ला लावलं की ३६४ येतात आणि चूक उघडी पडते.

एक्सेल तारीख साठवतं ती एका क्रमांकाच्या रूपात. १ एप्रिल २०२३चा क्रमांक ४५०१७, तर ३१ मार्च २०२४चा ४५३८२. वजाबाकी या दोन क्रमांकांतलं अंतर सांगते. १ जून ते ३ जून हे अंतर दोन. रजा मात्र तीन दिवसांची. रजा, हजेरी, भाडं यांत पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस धरावे लागतात, म्हणून वजाबाकीत एक मिळवायचा. कर्जाचं व्याज मोजताना बहुधा एकच टोक धरतात: १० तारखेला घेतलेली रक्कम २० तारखेला परत केली, तर व्याज दहा दिवसांचं. आपला हिशेब कोणत्या जातीचा हे ओळखायला मी दोन्ही खान्यांत एकच तारीख टाकून बघतो. एका दिवसाच्या रजेचं उत्तर १ यायला हवं, त्याच दिवशी फेडलेल्या कर्जाचं ०.

खरं नुकसान होतं ते कालावधीचे तुकडे केल्यावर. समजा, पाच लाखांचं कर्ज वर्षभर चालू आहे, व्याज ९ टक्के, आणि पतसंस्थेच्या तक्त्यात दर तिमाहीची वेगळी ओळ आहे: १ एप्रिल ते ३० जून, १ जुलै ते ३० सप्टेंबर, असं पुढे ३१ मार्च २०२४पर्यंत. प्रत्येक ओळीत साधी वजाबाकी केली तर ९०, ९१, ९१, ९० असे दिवस येतात. बेरीज ३६२. प्रत्येक सीमेवर एक दिवस हरवला. दिवसाचं व्याज सुमारे १२३ रुपये, म्हणजे चार दिवसांचे ४९३ रुपये एकाच खात्यावर कमी. एक मिळवला की ९१, ९२, ९२, ९१ होतात आणि बेरीज ३६६ जुळते.

इथे ओळींच्या तारखा नीट वाचाव्यात. पुढची ओळ आधीची संपली त्याच तारखेला सुरू होत असेल, तर साधी वजाबाकीच बरोबर. तिथे एक मिळवला तर सीमेचा दिवस दोनदा मोजला जाईल. पुढची ओळ दुसऱ्या दिवशी सुरू होत असेल तरच एक मिळवायचा. आणि तुकड्यांची बेरीज अख्ख्या कालावधीच्या दिवसांशी ताडून पाहायची. इतर कुठल्याही तपासणीपेक्षा माझा या एका बेरजेवर अधिक भरवसा आहे.

लीप वर्षाची दुसरी चूक आपल्या एप्रिल-मार्च वर्षामुळे होते. भागाकारासाठी वर्षाचे दिवस काढायला अनेक तक्त्यांत असं सूत्र असतं:

```
=IF(MOD(YEAR(A2),4)=0,366,365)
```

A2मध्ये १ एप्रिल २०२३ असेल तर सूत्र २०२३कडे बघून ३६५ सांगतं, पण २९ फेब्रुवारी तर त्याच आर्थिक वर्षात येतो. पुढच्या वर्षी ते २०२४ बघून ३६६ सांगतं, आणि २०२४-२५मध्ये दिवस असतात ३६५. लागोपाठ दोन वर्षं उलटी. वर्षाला चारने भागत बसण्यापेक्षा तारखांनाच विचारावं:

```
=EDATE(A2,12)-A2
```

ही वजाबाकी १ एप्रिल ते पुढच्या १ एप्रिलपर्यंतची असल्याने शेवटचं टोक आपोआप बाहेर राहतं. अनुक्रमे ३६६ आणि ३६५ मिळतात. मात्र व्याज ३६५ने भागायचं की ३६६ने, हे करारात लिहिलेलं असतं. लीप वर्षातही ३६५नेच भागायचं ठरलं असेल, तर वरच्या कर्जावर वर्षाचं व्याज ४५,००० नव्हे, ४५,१२३ रुपये होतं आणि ते बरोबरच असतं.

तयार फंक्शनंही एकसारखी मोजत नाहीत. `DAYS` साधी वजाबाकी करतं, `NETWORKDAYS` दोन्ही टोकं धरतं, तर `DAYS360` प्रत्येक महिना तीस दिवसांचा मानतं. दुसऱ्याचा तक्ता हाती आला, की २८ फेब्रुवारी ते १ मार्च हा कालावधी आधी २०२३चा आणि मग २०२४चा टाकून पाहावा. वजाबाकीत १ आणि २ आले पाहिजेत, दोन्ही टोकं धरली तर २ आणि ३. दोन्ही वर्षांना एकच उत्तर आलं, तर त्या तक्त्यात २९ फेब्रुवारी मोजलाच जात नाही.