टाकीआडचा उपग्रह

दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या बुटक्या इमारतींच्या गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या, एसीची यंत्रं आणि टीव्हीच्या डिश. आमच्या खालच्या मजल्यावरचे रत्नागिरीचे गृहस्थ वाळवंटातल्या कॅम्पांवर इंटरनेटच्या डिश बसवतात. एका संध्याकाळी गच्चीवर त्यांनी मोबाइलवर होकायंत्र उघडलं आणि २०११ साली सोडलेला अमिरातीचा ‘अल याह १’ कुठे आहे ते बोटाने दाखवलं : जवळजवळ दक्षिणेला, क्षितिजापासून साठ अंश वर. विषुववृत्तावरचा हा उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला तो कायम तिथेच दिसतो.

इथून तो सुमारे ३६,५०० किलोमीटर दूर आहे. मागणी वर जाते, खाली भूकेंद्राकडे येते. उत्तर पुन्हा वर आणि पुन्हा खाली. अशा चार फेऱ्यांत प्रकाशाच्या वेगानेही जवळजवळ अर्धा सेकंद जातो. यंत्रांचा वेळ धरला तर सहाशे मिलिसेकंदांच्या पुढेच. कितीही महागडा प्लॅन घ्या, हा उशीर कमी होत नाही. सिनेमा छान चालतो. फोनवर मात्र दोघं एकदम बोलायला लागतात आणि एकदम थांबतात. काहीशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या स्टारलिंकसारख्या उपग्रहांत तोच उशीर साधारण २५ ते ६० मिलिसेकंदांवर येतो. वेगाचं गणित निराळं. उपग्रहाच्या एका झोताखालचे सगळे ग्राहक तीच क्षमता वाटून घेतात, म्हणून रात्री नऊला वेग पडतो.

“ही टाकी अडवेल का?” मी विचारलं.

“डिशपेक्षा दोन मीटर उंच आहे ना? मग सव्वा मीटर मागे सरका, सुटली.”

उपग्रह क्षितिजापासून इतका वर असल्याचा हा फायदा. पण टाकी आडवी आली तर ती कायमच आडवी. खालच्या कक्षेतले उपग्रह मात्र सतत सरकत असतात, त्यामुळे त्यांच्या डिशला वरचं बरंचसं आकाश मोकळं लागतं. एका कोपऱ्यात भिंत असली, तर उपग्रह तिच्यामागे गेला की काही सेकंद तुटतं, मग पुन्हा जोडतं. वेगाची चाचणी छान येते आणि व्हिडिओ कॉल मात्र गोठतो, ही खूण बहुधा अडथळ्याचीच.

पावसाची खूण वेगळी. या लहरींची लांबी सेंटिमीटरभर, त्यामुळे मोठे थेंब त्या शोषतात, विखुरतात. सिग्नल घटला की मोडेम सावकाश पण खात्रीने पोचेल अशी पद्धत धरतो, म्हणून आधी वेग उतरतो, मग दुवा तुटतो. तुटेपर्यंत उपग्रहाचा उशीर मात्र तेवढाच. आभाळ स्वच्छ असतानाही हे घडलं, तर पाऊस दूरच्या भूकेंद्रावर कोसळत असू शकतो. दुबई बुडाली तो १६ एप्रिल २०२४चा दिवस सोडला, तर इथे असा पाऊस विरळाच.

कोरड्या धुळीने लहरी फारशा अडत नाहीत. डिशला धास्ती वाऱ्याची. पाऊण मीटरच्या डिशचा झोत जेमतेम दीड अंशाचा असतो, आणि शमालने ढिला नट अर्धा अंश जरी फिरवला, तरी मोडेमवरचा सिग्नलचा आकडा उतरतो. पाऊस थांबला की तो आकडा आपोआप वर येतो. वाऱ्याने उतरलेला येत नाही. त्यासाठी पाना घेऊन कॅम्पवर जावं लागतं.